७४ टक्क्यांवर पडणारा एक्स्पोर्ट: ग्राफिक्स मेमरी, कोडेक आणि स्क्रॅच डिस्कचं एक प्रकरण

हे प्रकरण प्रत्यक्ष घडलेलं आहे. माणसांची आणि माहितीपटाची ओळख काढून टाकली आहे. आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत. एडिटिंग सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण इथे जे घडलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घडू शकतं.

## पार्श्वभूमी

४२ मिनिटांचा माहितीपट होता. टाइमलाइन अल्ट्रा एचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला २५ फ्रेम. फुटेज बहुतेक एका मिररलेस कॅमेऱ्याचं, १०-बिट एच.२६५ मधलं. रात्रीच्या काही मुलाखती कमी उजेडात झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर नॉइज रिडक्शन लावलेलं. मध्ये काही जुने स्कॅन केलेले नकाशे होते आणि त्यांच्यावरून कॅमेरा हळूहळू सरकतो असा परिणाम दिलेला होता.

मशीन विंडोजचं, १६ जीबी रॅम, ६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड. सिस्टिम असलेली सी ड्राइव्ह ५०० जीबीची एसएसडी. दुसरी एक एसएसडी आत बसवलेली होती, पण तिच्यावर फक्त फुटेज ठेवलेलं. तयार फाइल जाणार होती बाहेरच्या डिस्कवर, आणि तिथे ६०० जीबी मोकळे होते. सॉफ्टवेअरची कॅशे आणि स्क्रॅच, म्हणजे काम चालू असताना तात्पुरत्या फाइली ठेवायच्या जागा, दोन्ही इन्स्टॉल करताना जिथे पडली तिथेच राहिली होती. म्हणजे सी ड्राइव्हवर.

## अडचण

संपादिकेनं एच.२६५ मध्ये, ६० मेगाबिट प्रति सेकंद दरानं एक्स्पोर्ट लावला. ७४ टक्क्यांवर सॉफ्टवेअर काहीही न सांगता बंद झालं. तिनं मशीन रीस्टार्ट करून पुन्हा लावला, परत ७४. मग हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून लावला. वेळ दुप्पट लागला आणि पुन्हा ७४ टक्क्यांवरच बंद. त्यानंतर तिनं मला बोलावलं. तोवर सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकायचं तिच्या मनात पक्कं होत आलं होतं.

मी जागेबद्दल विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "दादा, जागेचा प्रश्नच नाही. बाहेरच्या डिस्कवर सहाशे जीबी मोकळे आहेत."

ते खरंच होतं, पण ती जागा तयार फाइलची. फाइल तयार होत असताना लागणारी जागा वेगळीकडे होती, आणि तिथे कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मीही ते लगेच तपासायला घेतलं नाही, कारण ७४ हा आकडा तीन वेळा जसाच्या तसा आला होता. डिस्क भरत असेल तर प्रत्येक वेळी अगदी त्याच फ्रेमजवळ एक्स्पोर्ट पडत नाही. तेव्हा मोकळ्या जागेचा विचार मागे ठेवून आधी त्या जागेवर काय आहे ते बघायचं ठरवलं.

## पहिला निर्णय: सॉफ्टवेअर काढायचं की जागा शोधायची?

नव्यानं इन्स्टॉल करण्यात अर्धा दिवस गेला असता, शिवाय प्लगइन आणि प्रीसेट पुन्हा बसवावे लागले असते. त्यातून कळलं असतं एवढंच, की इन्स्टॉलेशन बिघडलेलं होतं की नव्हतं. त्याऐवजी ७४ टक्के म्हणजे टाइमलाइनवर नेमकं कुठे, हे काढलं: ३१ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास. तिथे एक डिझॉल्व्ह होता. रात्रीची मुलाखत विरत जाते आणि तिच्यातून नकाशा वर येतो.

फक्त ३०:५० ते ३१:४० एवढाच तुकडा एक्स्पोर्टला लावला. मिनिटभरात सॉफ्टवेअर पडलं. हा टप्पा सगळ्यात उपयोगी ठरला, कारण यापुढे प्रत्येक शंका पन्नास सेकंदांच्या तुकड्यावर तपासता येणार होती; अडीच तास वाट बघायची गरज उरली नाही.

त्या जागी दोन संशयित होते: मुलाखतीच्या क्लिपचा कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत, आणि ग्राफिक्स मेमरी. कोडेकचा निकाल आधी लावला, कारण तो सोपा होता. क्लिपमध्ये नक्की काय आहे ते असं पाहिलं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,profile,pix_fmt -of default=nw=1 clip.mp4
```

उत्तरात `hevc` आणि `yuv420p10le` आलं, म्हणजे बहुतेक अलीकडची कार्डं हार्डवेअरवर उलगडू शकतात असा प्रकार. तरी खात्रीसाठी ती एक क्लिप प्रोरेझ या उलगडायला सोप्या कोडेकमध्ये रूपांतरित करून टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या जागी ठेवली. तुकडा पुन्हा तिथेच पडला. त्यामुळे फुटेजचा कोडेक संशयातून सुटला.

## ग्राफिक्स मेमरीचा हिशेब

दुसऱ्या खिडकीत ही आज्ञा चालू ठेवून तोच तुकडा लावला:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,memory.used,memory.total --format=csv -lms 200 -f gpu.csv
```

सेकंदाला पाच नोंदी मुद्दाम घेतल्या. टास्क मॅनेजरमधला आलेख सावकाश सरकतो आणि क्षणभराची उसळी त्यात दिसतेच असं नाही. नोंदींमध्ये मुलाखत चालू असताना वापर साडेतीन जीबीच्या आसपास होता. डिझॉल्व्ह सुरू होताच तो वर चढला, ६१४४ पैकी ५९०० एमबीच्या पुढे गेला आणि पुढच्याच नोंदीत एकदम खाली आला. सॉफ्टवेअर त्याच क्षणी बंद झालं होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही आधीच्या तिन्ही वेळांना `nvlddmkm` ची, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरची नोंद सापडली.

मेमरी इतकी का लागते, हे कागदावर मांडलं तर लगेच उमगतं. या प्रोजेक्टमध्ये प्रक्रिया ३२-बिट फ्लोटमध्ये होत होती. म्हणजे एका पिक्सेलला चार घटक आणि प्रत्येक घटकाला चार बाइट, मिळून १६ बाइट. अल्ट्रा एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १३३ एमबी. डिस्कवर ती क्लिप किती छोटी आहे याला इथे काहीच अर्थ नाही. कार्डात पोचल्यावर प्रत्येक फ्रेम पूर्ण उलगडलेली असते. नॉइज रिडक्शन टेम्पोरल पद्धतीचं होतं, आणि मागच्या पाच व पुढच्या पाच फ्रेम बघत होतं. चालू फ्रेम धरून अकरा. नुसत्या एवढ्या फ्रेम धरून ठेवायलाच जवळपास दीड जीबी गेले.

आता नकाशा. स्कॅन १४,००० बाय ९,००० पिक्सेलचा होता. फाइल म्हणून तो जेपीईजी होता आणि ३० एमबीचासुद्धा नव्हता, त्यामुळे कुणाला त्याचा संशय आला नाही. पण १२ कोटी ६० लाख पिक्सेल गुणिले १६ बाइट म्हणजे दोन जीबी. डिझॉल्व्हच्या त्या दोन सेकंदांत नॉइज रिडक्शनचे दीड जीबी आणि नकाशाचे दोन जीबी एकाच वेळी कार्डात हवे होते. त्याशिवाय मधल्या टप्प्यांचे बफर, रंगसंस्करण, एन्कोडर, आणि उघडा राहिलेला ब्राउझरही थोडी मेमरी खात होता.

यावरून हार्डवेअर एन्कोडिंग बंद करूनही फरक का पडला नाही, तेही स्पष्ट होतं. एन्कोडर ग्राफिक्स मेमरी वापरतो, पण काहीशे एमबी. इथे तूट त्याहून बरीच मोठी होती. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि कधी कधी लागूही पडतो; मात्र तो लागू पडेल की नाही, हे तूट किती आहे हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

## दुसरा निर्णय: भार कुठे कमी करायचा?

समोर चार मार्ग होते. टाइमलाइन एचडीवर आणायची; तसं केलं तर प्रत्येक फ्रेमला लागणारी मेमरी एक चतुर्थांश होते, पण मागणी अल्ट्रा एचडीची होती, त्यामुळे तो मार्ग बंद. नॉइज रिडक्शनच्या फ्रेम कमी करायच्या. त्यानं मुलाखतीत दाणे दिसू लागले असते आणि ते संपादिकेला मान्य नव्हतं. १२ जीबीचं कार्ड घ्यायचं. दिग्दर्शक त्याला तयार होते, पण कार्ड यायला वेळ लागला असता. चौथा मार्ग नकाशा छोटा करण्याचा.

संपादिकेला भीती होती की कॅमेरा नकाशावर जवळ येतो तेव्हा अक्षरं पुसट होतील. म्हणून तेही मोजलं. सर्वांत जवळच्या क्षणी नकाशाची तीन-पंचमांश रुंदी फ्रेममध्ये दिसत होती. नकाशा निम्म्यावर, म्हणजे ७,००० बाय ४,५०० वर आणला तर त्या क्षणी फ्रेममध्ये ४,२०० पिक्सेल रुंदीचा भाग येतो, आणि पडद्याला हवेत ३,८४०. म्हणजे पडद्यावर दिसेल असं काहीच जात नव्हतं. मेमरी मात्र दोन जीबीवरून अर्ध्या जीबीवर आली, कारण रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी झाली.

त्याच बैठकीत ग्राफिक्स ड्रायव्हरही अद्ययावत केला होता. दोन बदल एकदम झाल्यानं गुण कुणाचा हे कळेना, म्हणून नव्या ड्रायव्हरवर जुना मोठा नकाशा परत ठेवून तुकडा लावला. तो पडला. छोटा नकाशा ठेवला, निघाला. ड्रायव्हरचा यात हात नव्हता.

## मग पुन्हा पडला

पूर्ण एक्स्पोर्ट लावला. ३१ वं मिनिट सुरळीत पार झालं आणि ३६ व्या मिनिटाला, ८६ टक्क्यांवर, सॉफ्टवेअर बंद. तिथे साधा दिवसाचा शॉट होता, एकही इफेक्ट नव्हता. संपादिकेनं लगेच पुन्हा लावला, तर तो २० टक्क्यांवरच थांबला. तिचा धीर इथे सुटला. "आता तर आधीपेक्षाही लवकर पडतंय, दादा. नकाशा बदलून आणखी बिघडलं की काय?"

पण हा आकडा मागे सरकणं हीच खूण होती. जागेला बांधलेला बिघाड त्याच जागी येतो. हा बिघाड प्रत्येक प्रयत्नानंतर अलीकडे येत होता, म्हणजे प्रत्येक प्रयत्न काहीतरी मागे ठेवून जात होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या दोन वेळांना ड्रायव्हरची नोंद नव्हती. आणि सी ड्राइव्हवर जवळजवळ काहीच जागा उरली नव्हती.

स्क्रॅचचं फोल्डर उघडलं तेव्हा सगळा प्रकार समोर आला. हे सॉफ्टवेअर एमपी४ बनवताना चित्राचा आणि आवाजाचा प्रवाह आधी स्क्रॅच डिस्कवर वेगवेगळ्या तात्पुरत्या फाइलींत लिहितं, आणि अगदी शेवटी ते जोडून तयार फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवतं. एक्स्पोर्ट नीट संपला तर तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात. मध्येच पडला तर पुसणारं कुणी उरत नाही.

६० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेसात एमबी, मिनिटाला ४५० एमबी. पूर्ण चित्रपटाला १९ जीबी. ३१ मिनिटांवर पडलेला प्रत्येक प्रयत्न १४ जीबीची फाइल मागे टाकून गेला होता, आणि असे तीन प्रयत्न झाले होते. सुरुवातीला सी ड्राइव्हवर ६२ जीबी मोकळे होते. तीन प्रयत्नांनंतर उरले २०. चौथ्याला १९ लागणार होते, म्हणजे कागदावर जागा जेमतेम पुरत होती. पण सी ड्राइव्हवर विंडोजची पेजफाइलही राहते. ग्राफिक्स कार्ड भरत आलं की ड्रायव्हर साध्या रॅमचा आधार घेतो, १६ जीबी रॅम आधीच सॉफ्टवेअरनं वापरलेली असते, आणि मग पेजफाइल वाढते. ती काही जीबी वाढली आणि ३६ व्या मिनिटाला जागा संपली. त्या प्रयत्नानं १६ जीबी मागे ठेवले, म्हणून पुढच्याला जेमतेम नऊ मिनिटं पुरेल एवढीच जागा मिळाली.

म्हणजे बिघाड दोन होते आणि पहिल्यानं दुसऱ्याला खतपाणी घातलं होतं. नकाशाची अडचण सुरुवातीलाच सुटली असती, तर ६२ जीबीमध्ये हा एक्स्पोर्ट आरामात बसला असता आणि स्क्रॅचचा विषय निघालाच नसता.

## तिसरा निर्णय: कोणत्या कोडेकमध्ये काढायचं?

अनाथ फाइली पुसल्या, कॅशे आणि स्क्रॅच दोन्ही दुसऱ्या आतल्या एसएसडीवर हलवल्या. तिथे ३०० जीबी मोकळे होते. पुसण्याआधी सॉफ्टवेअर बंद आहे ना हे पाहिलं, आणि फाइलींच्या तारखा पडलेल्या प्रयत्नांशी जुळवल्या. त्याच फोल्डरमध्ये स्टॅबिलायझेशनचं विश्लेषणही होतं आणि ते गेलं असतं तर पुन्हा करावं लागलं असतं.

आता थेट एच.२६५ काढता आला असता. तरी मी आधी प्रोरेझ ४२२ मध्ये मास्टर काढायचा आग्रह धरला. एमपी४ पडला तर आतापर्यंत झालेलं काम वाया जातं: फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते आणि तिच्याशिवाय प्लेअरला फाइल उघडता येत नाही. शिवाय प्रोरेझमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे चित्रपट तुकड्यांत काढून पुन्हा एन्कोड न करता जोडता येतो. एक तुकडा पडला तर तेवढाच परत काढायचा. इथे एन्कोडिंगचं काम प्रोसेसरवर जाणार होतं, म्हणून ग्राफिक्स मेमरीलाही थोडी उसंत मिळाली.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते. अल्ट्रा एचडी, २५ फ्रेमला प्रोरेझ ४२२ चा दर सुमारे ४९२ मेगाबिट, म्हणजे मिनिटाला ३.७ जीबी. ४२ मिनिटांचे १५५ जीबी. एचक्यू प्रकार घेतला असता तर २३२. हाच मास्टर सुरुवातीला, स्क्रॅच सी ड्राइव्हवर असताना आणि डेस्टिनेशनही घाईत तिथेच ठेवून काढायचा कुणी प्रयत्न केला असता, तर तो सतराव्या मिनिटापर्यंतच गेला असता. फाइल जास्त दाबणारा कोडेक घेतला की भार प्रोसेसर आणि कार्डावर पडतो, कमी दाबणारा घेतला की डिस्कवर. म्हणून कोडेक बदलण्याआधी डिस्कचा हिशेब करावा लागतो.

आम्ही १४ मिनिटांचे तीन तुकडे बाहेरच्या डिस्कवर काढले. प्रोरेझची एमओव्ही फाइल हे सॉफ्टवेअर थेट डेस्टिनेशनवर लिहितं, त्यामुळे स्क्रॅचवर ताण आला नाही. डिस्क एनटीएफएस आहे याची खात्री केली. फॅट३२ असती तर ४ जीबीच्या पुढची एकही फाइल लिहिता आली नसती. तुकड्यांची हद्द सरळ कटवर ठेवली, डिझॉल्व्हच्या किंवा नॉइज रिडक्शनच्या मध्ये नाही, कारण टेम्पोरल इफेक्टला हद्दीपलीकडच्या फ्रेम मिळाल्या नाहीत तर जोडावर पोत बदललेला दिसू शकतो. मग तुकड्यांची यादी `parts.txt` मध्ये देऊन जोडणी:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i parts.txt -c copy master.mov
```

या टप्प्यात तुकडे आणि जोडलेला मास्टर मिळून ३१० जीबी लागतात. सहाशेपैकी ते होते. शेवटी मास्टरवरून द्यायची फाइल:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset medium -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 320k -movflags +faststart final.mp4
```

एच.२६५ ऐवजी एच.२६४ घेतला, कारण दाखवणाऱ्यांकडचा प्लेअर कोणता हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि फाइलच्या आकारावर बंधन नव्हतं. हा टप्पा पूर्णपणे प्रोसेसरवर झाला, ग्राफिक्स कार्डाचा त्यात संबंध नव्हता.

## परिणाम

तिन्ही तुकडे पहिल्या फेरीत निघाले. `gpu.csv` मध्ये सर्वोच्च वापर ४.६ जीबीच्या आसपास दिसला, तोही त्याच डिझॉल्व्हवर. संपादिकेनं दोन्ही जोड आणि नकाशाचा भाग फ्रेम-फ्रेम तपासला, मग फाइल पाठवली. नव्या कार्डाची खरेदी दिग्दर्शकांनी पुढे ढकलली.

## वेगळं काय करता आलं असतं?

पहिला एक्स्पोर्ट पडताच स्क्रॅच डिस्कची मोकळी जागा एकदा लिहून ठेवायला हवी होती. पडण्याआधी किती आणि नंतर किती, हे दोन आकडे असते तर १४ जीबीची घट लगेच दिसली असती. एक्स्पोर्ट चालू असताना ती बघायला पॉवरशेलमधली ही एवढी ओळ पुरते:

```
while ($true) { (Get-PSDrive C).Free / 1GB; Start-Sleep 5 }
```

तसंच काहीही न बदलता पुन्हा लावण्याला मर्यादा हवी. दुसरा प्रयत्न उपयोगी होता, कारण त्यानं बिघाड एकाच जागी येतो हे सिद्ध केलं. तिसरा पूर्ण लांबीनं लावण्याऐवजी पन्नास सेकंदांचा लावला असता तर दोन-अडीच तास आणि १४ जीबी दोन्ही वाचले असते.

मोठ्या स्थिरचित्रांची छाननी टाइमलाइनवर ठेवतानाच व्हायला हवी होती. फाइलचा आकार बघून काही कळत नाही; रुंदी गुणिले उंची गुणिले १६ एवढाच हिशेब करायचा असतो. या माहितीपटात असे आणखी दोन नकाशे होते. त्यांच्यापाशी एक्स्पोर्ट पडला नाही, कारण त्यांच्या आजूबाजूला नॉइज रिडक्शन नव्हतं. तेही आता निम्म्या आकारात आहेत.

कार्डाबद्दल माझं मत दिग्दर्शकांना सांगितलं आहे: रात्रीचं फुटेज पुढच्या कामात वाढणार असेल तर १२ जीबीचं कार्ड घ्यावं, पण त्याआधी सी ड्राइव्हवरची कॅशे कायमची हलवावी, कारण मोठं कार्ड घेऊनही १९ जीबीची तात्पुरती फाइल तितकीच राहणार आहे.